ते-रूप (जपानी क्रियापद)

जपानी क्रियापदाच्या ‘ते’ किंवा ‘दे’ने संपणाऱ्या रूपाला ते-रूप म्हणतात. मराठी विद्यार्थ्याला ते परके वाटत नाही, कारण ‘उठून, खाऊन, जाऊन’मधला ‘ऊन’ बरेचसे तेच काम करतो.

सराव-पत्रिकेत डावीकडे क्रियापद आणि उजवीकडे रिकामी जागा असते. जागा भरण्याआधी क्रियापदाचा गट ओळखावा लागतो. दुसऱ्या गटात शेवटचा ‘रु’ काढून फक्त ‘ते’ जोडायचा: ताबेरु (खाणे) – ताबेते. तिसऱ्या गटात मुख्यतः दोनच क्रियापदे आहेत: सुरु – शिते, कुरु – किते. खरा घोळ पहिल्या गटात. तिथे शेवटच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते: काकु – काइते (लिहून), ओयोगु – ओयोइदे (पोहून), योमु – योंदे (वाचून), तोरु – तोत्ते (घेऊन), हानासु – हानाशिते (बोलून). मुळात ‘काकिते’, ‘योमिते’ अशीच सरळ रूपे होती. बोलताना ती झिजली. ‘इकु’ (जाणे) मात्र ‘काकु’सारखे न वागता ‘इत्ते’ होते.

गट ओळखण्यातली चूक पत्रिका कुठल्या रूपापासून सुरू होते यावर ठरते. समजा मूळ रूप ‘काएरु’ दिले आहे. ‘परतणे’ असेल तर ते पहिल्या गटातले, म्हणून ‘काएत्ते’. ‘बदलणे’ असेल तर दुसऱ्या गटातले, म्हणून ‘काएते’. ‘मास’ने संपणारे नम्र रूप, म्हणजे ‘मास’-रूप, दिले असते, तर काएरिमास आणि काएमास असा फरक लगेच दिसला असता. पण ‘मास’-रूपही फसवते. ओकिमास म्हणजे ‘ठेवणे’ की ‘उठणे’? पहिल्याचे ओइते, दुसऱ्याचे ओकिते. इथे मूळ रूपेच (ओकु, ओकिरु) सोडवतात. म्हणून अर्थासकट दोन्ही रूपे देणारी पत्रिका अधिक कामाची.

वापरांत आधी विनंती येते: मात्ते कुदासाइ, ‘थांबा ना’. मग परवानगी: तोत्ते मो इइ देस का, ‘घेतलं तर चालेल का?’ ‘-ते इमास’ला मात्र ‘करत आहे’ एवढाच अर्थ लावून चालत नाही. ‘केक्कोन शिते इमास’ म्हणजे लग्न चालू आहे असे नव्हे. लग्न झालेले आहे. उलट ‘-ते मिरु’ समजावून सांगावे लागत नाही. मिरु म्हणजे बघणे, आणि ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणे’. ‘ताबेते शिमाउ’ही ‘खाऊन टाकणे’च्या जवळचे आहे, फक्त त्यात अनेकदा ‘अरेरे, खाल्लं गेलं’ अशी हळहळही असते.

‘ऊन’चा आधार एका ठिकाणी सुटतो. मराठीत ‘ऊन’च्या दोन्ही बाजूंचा कर्ता सहसा एकच असतो, जपानीत तसे बंधन नाही. ‘आमे गा फुत्ते, शिआइ गा चूशि नि नारिमाशिता’ याचे मराठी ‘पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला’ असे करावे लागते.