नाचणीच्या बिस्किटात नाचणी किती? पुड्यावरच्या नावाची पार्श्वभूमी

गिरणीवर दळण टाकताना हा प्रश्न कधी पडत नव्हता. डब्यात ज्वारी असेल तर पीठ ज्वारीचंच यायचं. आधीच्या माणसाचा गहू पाट्यात राहिला असेल म्हणून पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. धान्य डोळ्यांसमोर असायचं आणि नाव त्या धान्याचंच असायचं. बिस्किटांच्या पुड्यावर मात्र नाव पुढे असतं आणि धान्य मागे, बारीक अक्षरांत. या दोहोंमध्ये अंतर कसं पडलं हे समजून घ्यायचं तर पुड्यात गहू कसा आला, तिथून सुरुवात करावी लागते.

बिस्किट, पाव, शेवया आणि नूडल्स हे कारखान्यातले पदार्थ आपल्याकडे गव्हाच्याच आधाराने वाढले. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि गव्हाची जहाजं मुंबई बंदराला लागू लागली. १९६५ मध्ये केंद्र सरकारने पावासाठी मॉडर्न बेकरीज ही स्वतःची कंपनी काढली. मैदा काढणाऱ्या रोलर मिल, कणीक मळणारी यंत्रं, बिस्किटांचे साचे आणि भट्टीचं तापमान हे सगळं गव्हाच्या स्वभावाप्रमाणे बेतलेलं होतं. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, ज्वारीचं सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं. पण ते शेतातलं उत्पन्न वाढवण्यासाठी होतं, कारखान्यासाठी नव्हे. पुढे १९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, तीही भाकरीच्याच रूपात. ज्वारी, बाजरी आणि नाचणी गिरणी, परात आणि तव्यापाशीच राहिल्या. घरातल्या डब्यात साठवता येईल असा नाचणीचा पदार्थ म्हणजे बाळाला आणि आजाऱ्याला द्यायचं सत्त्व किंवा नागलीचे पापड. दोन्हींत नाचणी ही नावापुरती नसायची.

मग भरडधान्यांचे दिवस पालटले. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने त्यांना अधिसूचनेने ‘पोषक धान्य’ म्हटलं आणि ते वर्ष राष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. नाचणीचा हमीभाव एका वर्षात क्विंटलला १,९०० रुपयांवरून २,८९७ रुपये झाला. भारताच्या प्रस्तावावर संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवलं आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ हे नाव आलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच झालं. बिस्किटवाल्याच्या दृष्टीने मात्र एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या होत्या. ‘नाचणी’ या शब्दाला बाजारात किंमत आली आणि नाचणीही महागली. २०२४-२५ च्या हंगामांत नाचणीचा हमीभाव ४,२९० रुपये होता, गव्हाचा २,४२५. नाव पूर्ण वापरायचं आणि धान्य थोडं घालायचं, हा मोह इथून सुरू होतो.

पण सगळा दोष मोहाचाही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. पाणी लागलं की त्याची जाळी तयार होते आणि पीठ ताणलं जातं. नाचणीत आणि ज्वारीत ते नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. पीठ जुनं होऊन विरी गेली की भाकरीला कडेने चिरा पडतात, म्हणून ती गरम पाणी घेते किंवा उकड काढते. कारखान्याच्या पट्ट्यावर नुसत्या नाचणीचं पीठ लाटलं तर ते तुटतं, भाजल्यावर बिस्किट भुगा होतं आणि रंग इतका काळपट येतो की अनेकांना ते करपलेलं वाटतं. बिस्किटाला ग्लुटेन फार लागत नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त नाचणी घालून चांगलं बिस्किट करता येतं. पण त्यासाठी कृती बदलावी लागते, यंत्राचा वेग कमी करावा लागतो. मैद्याच्या चालू कृतीत दहा-पंधरा टक्के नाचणी मिसळणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये १५ भरडधान्यांसाठी एकत्रित निकष अधिसूचित केले आणि ते १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले. त्यात ओलावा किती चालेल, किडके दाणे किती, इतर धान्याची भेसळ किती हे ठरवून दिलं आहे. हे निकष धान्यासाठी आहेत. ‘नाचणी बिस्किट’ म्हणवून घ्यायला किती नाचणी हवी, याचा आकडा त्यांत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने ७० टक्के हा आकडा आणला, पण तोही फक्त पिठाच्या मिश्रणापुरता. वजनाने किमान ७० टक्के भरडधान्य असलेलं पीठ सुटं विकलं तर कर शून्य, लेबल लावून बंद पुड्यात विकलं तर ५ टक्के. बिस्किट किंवा नूडल्सला ही व्याख्या लागू नव्हती. ‘सरकारने सत्तर टक्के ठरवलंय’ असं सांगणारे दुकानदार इथेच गल्लत करतात.

आपल्या हातात जे खरं हत्यार आहे ते लेबलच्या नियमांत आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; जे वजनाने सर्वांत जास्त, ते पहिलं. आणि एखाद्या घटकावर पुड्याच्या दर्शनी बाजूला शब्दांनी किंवा चित्राने भर दिला असेल, तर त्याची टक्केवारी लिहावी लागते. पुढे नाचणीचं कणीस छापलं असेल तर मागे नाचणीसमोर आकडा हवाच. तो नसेल तर पुडा परत ठेवण्यासाठी मला तेवढंच कारण पुरतं.

एक अडचण भाषेची आहे. लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी नियमाला पुरतो, म्हणून ‘नाचणी’ शोधणाऱ्याला ती सापडत नाही. ती तिथे रागी किंवा फिंगर मिलेट असते, ज्वारी सोरघम असते आणि बाजरी पर्ल मिलेट. मैद्याचं नाव रिफाइन्ड व्हीट फ्लोअर असतं. आणि नुसतं ‘व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ म्हणजे गहू. ‘मैदा नाही’ या मोठ्या अक्षरांचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो.

एक नमुना घेऊन हिशेब करू. समजा, लेबलवर असं लिहिलं आहे: मैदा, साखर, पाम तेल, नाचणीचं पीठ (१०%), दुधाची पावडर, मीठ. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमला २४ ग्रॅम साखर. घरी एका नाचणीच्या भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं. तेवढी नाचणी या बिस्किटांतून पोटात जायला अर्धा किलो बिस्किटं खावी लागतील आणि त्यांच्याबरोबर १२० ग्रॅम साखर जाईल. नाचणी घ्यायची ती कॅल्शियमसाठी, असं बरेच जण म्हणतात. भारतीय अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. या १०० ग्रॅम बिस्किटांत नाचणीकडून त्यातलं ३६ आलं.

टक्केवारी लिहिलीच नसेल तर? तेव्हा क्रम आणि पोषणाचा तक्ता एकमेकांशी ताडून पाहायचे. नाचणी साखरेनंतर लिहिली असेल तर ती साखरेपेक्षा कमीच असणार, आणि एकूण साखरेचा आकडा तक्त्यात द्यावाच लागतो. तो १८ असेल तर नाचणी १८ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. मीठही असंच कामी येतं. मिठाचं वजन सोडियमच्या सुमारे अडीच पट असतं. तक्त्यात ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ फार तर १ ग्रॅम. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. नाचणी मिठानंतर लिहिली असेल तर ती एक टक्काही नाही. या रीतीने वरची मर्यादा कळते, नेमका आकडा कळत नाही. पण घ्यायचं की नाही हे ठरवायला तेवढं पुरे होतं.

कंसातल्या कंसाकडेही नीट पाहावं. ‘मिलेट पीठ ४०% (ज्वारी ५०%, नाचणी ३०%, बाजरी २०%)’ असं असेल तर आतल्या आकड्यांची बेरीज करा. ती १०० आली, म्हणजे ते ४० टक्क्यांमधले वाटे आहेत आणि नाचणी प्रत्यक्षात १२ टक्के आहे. बेरीज ४० आली तर आकडे सरळ संपूर्ण पदार्थाचे आहेत.

ज्वारीच्या नूडल्सचं थोडं वेगळं आहे. लांब, न तुटणारी धार काढायची तर ग्लुटेन हवं, नाहीतर पिठातला स्टार्च आधी वाफेने किंवा उष्णतेने शिजवून चिकट करावा लागतो; उकडीचंच तत्त्व, फक्त यंत्राने दाबून. हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने ज्वारीच्या शेवया, पास्ता, पोहे यांवर बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे तंत्र उपलब्ध नाही असं म्हणता येत नाही. तरी दुकानातल्या पुष्कळ नूडल्समध्ये ज्वारीच्या आधी गव्हाचं पीठ किंवा रवा लिहिलेला असतो. गहू टाळलेला असेल तर तांदूळ, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च येतो. ज्यांना सिलिअॅक आजारामुळे गहू वर्ज्यच आहे, त्यांनी ‘ज्वारी नूडल्स’ या नावावर अजिबात विसंबू नये. घटकांची यादी आणि ग्लुटेनबद्दलची सूचना दोन्ही वाचावीत.

नूडल्सच्या पुड्यात मसाल्याची पुडी वेगळी असते, आणि ज्वारीची टक्केवारी बऱ्याचदा फक्त नूडल्सच्या वडीची दिलेली असते. ७० ग्रॅमच्या पुड्यात वडी ६० ग्रॅमची आणि ज्वारी ३० टक्के असेल, तर ताटात १८ ग्रॅम ज्वारी येते. वडी तळलेली की वाळवलेली, हे घटकांत तेल कितव्या क्रमांकावर आहे यावरून कळतं. पिठानंतर लगेच पाम तेल असेल तर ती तळलेली.

चवीवरून किंवा रंगावरून अंदाज बांधू नये. कोको, कॅरॅमल रंग किंवा गूळ घातला की मैद्याचं बिस्किटही नाचणीसारखं तपकिरी दिसतं. तंतुमयतेच्या आकड्यालाही मर्यादा आहे. मैद्यापेक्षा नाचणीत तंतू कितीतरी जास्त असतात, पण चोकरासकट गव्हाच्या पिठातही ते जवळजवळ नाचणीइतकेच असतात. म्हणून मैद्याच्या जागी आटा वापरलेल्या बिस्किटात तंतू भरपूर दिसले, तरी ते नाचणीचे असतीलच असं नाही.

नाचणीचं नाव पुढे आहे, कणसाचं चित्र आहे आणि मागे टक्केवारी नाही, असा पुडा मिळाला तर लेबलचे फोटो काढून प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार करता येते. फोटोत परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी हे तिन्ही वाचता आलं पाहिजे. पुडा फेकू नका.