गेममधले आयटम चोरीला गेले तर : कोणाला काय परत मिळतं आणि अर्ज कसा करायचा

गेममधला चाकू, स्किन म्हणजे शस्त्राचं वेगळं रंगरूप, किंवा दुर्मीळ आयटम गेला की घरच्यांना वाटतं, कंपनीला मेल टाकला की झालं. कंपनी मात्र आधी एकच गोष्ट बघते : आयटम देण्याला संमती कोणी दिली? तुमच्या मुलाने फसून का होईना, पण स्वतः ‘स्वीकार’ दाबलं असेल तर ती ट्रेडमधली, म्हणजे आयटमच्या देवाणघेवाणीतली फसवणूक. चोराने खात्यात शिरून दाबलं असेल तर ती खातं बळकावल्याची तक्रार. पात्रता, कागद आणि मुदत सगळं यावर ठरतं, त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी हे मुलाकडून नीट विचारून घ्या. रागावून विचारलंत तर तो अर्धीच गोष्ट सांगेल आणि अर्ज तिथेच फसेल.

एक उदाहरण घेऊ. निपाणीचा डिप्लोमाला असलेला एक मुलगा काउंटर-स्ट्राइक 2 खेळतो. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या ओळखीच्या एकाने ‘आमच्या टीमला मत दे’ म्हणून लिंक पाठवली. हा गेम स्टीम या सेवेच्या खात्यातून खेळतात; ते पान हुबेहूब स्टीमच्या लॉगिनसारखं होतं, त्याने पासवर्ड टाकला. चोराने काही दिवस काहीच केलं नाही. मग मुलाने खऱ्या मित्राला चाकू पाठवायला घेतला, तेव्हा चोराच्या प्रोग्रामने ती ऑफर रद्द केली आणि मित्राचंच नाव, मित्राचाच फोटो असलेल्या दुसऱ्या खात्याकडे तशीच ऑफर तयार केली. मुलाने फोनवर ती मंजूर केली. हे ओळखायची खूण फोनच्या मंजुरीच्या पडद्यावरच असते : समोरचं खातं कधी उघडलंय आणि त्याची लेव्हल किती आहे. वर्षानुवर्षं खेळणाऱ्या मित्राचं खातं गेल्या महिन्यातलं दिसत असेल तर मंजुरी देऊ नका.

या प्रकारात स्टीमच्या मदत विभागाला कितीही लिहिलं तरी ते आयटम परत देत नाहीत. खात्यातून बाहेर गेलेली वस्तू, कारण काहीही असो, पुन्हा बनवून द्यायची नाही हे त्यांचं धोरण आहे. पूर्वी ते देत असत. पण चोरलेला चाकू तोवर तिसऱ्याला विकला गेलेला असायचा, मूळ मालकाला नवा दिला की एकाचे दोन व्हायचे आणि सगळ्यांच्याच चाकूंची किंमत पडायची. 2015 मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सांगितलं होतं की दर महिन्याला सुमारे 77,000 स्टीम खाती लुटली जातात. एवढ्यांना नवे आयटम देत बसणं शक्य नव्हतं.

जुलै 2025 पासून मात्र काउंटर-स्ट्राइक 2 साठी एक दार उघडलं आहे, आणि ते अनेक पालकांना ठाऊक नसतं. ट्रेडमधून गेलेला आयटम 7 दिवस संरक्षित राहतो. घेणाऱ्याला तो त्या काळात पुढे देता, विकता किंवा बदलता येत नाही. मूळ मालक स्वतःच्या ट्रेड हिस्टरीच्या पानावरून व्यवहार उलटवू शकतो. कोणालाही विनवणी करावी लागत नाही, आधार कार्ड लागत नाही. दोन अटी मात्र आहेत. एक, हवा तो एकच ट्रेड निवडता येत नाही, त्या 7 दिवसांतले सगळे संरक्षित ट्रेड एकदम उलटतात. दुसरी, त्यानंतर 30 दिवस ट्रेड आणि मार्केट बंद राहतं. आठवा दिवस उजाडला की हा मार्ग संपला.

इथे क्रम चुकवू नका. आधी पासवर्ड बदला, मग सगळ्या उपकरणांवरून खातं लॉगआउट करा, मग `steamcommunity.com/dev/apikey` या पानावर तुम्ही न घेतलेली एपीआय की, म्हणजे चोराच्या प्रोग्रामला तुमच्या ऑफर हाताळू देणारी किल्ली, दिसली तर ती रद्द करा. ट्रेड त्यानंतर उलटवा. चोर आतच असेल तर परत आलेला चाकूही त्याच्या हाताला लागतो. मार्केटवर विकून टाकलेल्या वस्तूला हे संरक्षण नाही, बाहेर रोखीने ठरवलेल्या पैशालाही नाही.

आता कन्सोलचं खातं बळकावलं असेल तर. तिथे आधी खातं परत मिळवायचं आणि मगच गेमच्या कंपनीकडे जायचं, कारण खातं तुमच्या ताब्यात नसताना कंपनी दाद देत नाही.

एक्सबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्टचा फॉर्म `account.live.com/acsr` इथे आहे. त्यात जुने पासवर्ड, पूर्वी पाठवलेल्या मेलचे विषय, कार्डाचे तपशील असं विचारतात. हा फॉर्म घरून, रोजच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर भरा. आपल्याकडे सगळे फॉर्म झेरॉक्स सेंटरवर भरायची सवय आहे, पण अनोळखी कॉम्प्युटर आणि अनोळखी कनेक्शन दिसलं की ओळख पटणं अवघड होतं. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असेल तर हा फॉर्म चालत नाही. चोराने तुमचा नंबर आणि मेल काढून स्वतःचे टाकले असतील तर ते बदल लागू व्हायला 30 दिवस लागतात. तुमच्या जुन्या मेलवर तशी सूचना येते, त्यातून बदल रद्द करता येतो. म्हणून जुना मेल रोज उघडून बघा.

प्लेस्टेशनला मदत कक्षाशी चॅटवर बोलावं लागतं. लॉगिनचा मेल, ऑनलाइन आयडी, जन्मतारीख, कन्सोलचा सीरियल नंबर आणि एखाद्या खरेदीचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. जन्मतारीख खातं उघडताना टाकली तीच सांगायची, आधारवरची नव्हे. मुलांनी वय वाढवून टाकलेलं असतं आणि नेमका तिथेच दावा अडतो. सीरियल नंबर कन्सोलवरच्या स्टिकरवर आणि खोक्यावर असतो, म्हणून खोकं रद्दीत देऊ नका. व्यवहार क्रमांक असलेला स्क्रीनशॉट कोणालाही पाठवू नका, कारण त्याच माहितीने चोर स्वतःला मालक म्हणवून घेऊ शकतो.

खातं परत आलं की गेमच्या कंपनीकडे अर्ज. लहान मुलांमध्ये जास्त चालणाऱ्या रोब्लॉक्सचा नियम असा : खातं बळकावलं गेल्यापासून 30 दिवसांच्या आत कळवायचं, आणि गेलेले आयटम परत करण्याची सवलत एका खात्याला एकदाच. मुलाने स्वतः केलेला ट्रेड ते उलटवत नाहीत. अर्जात इंग्रजीत चार ओळी पुरेत : खात्याचं नाव, शेवटचं स्वतः कधी लॉगिन केलं, कोणत्या वेळी काय गेलं, आणि आता खातं सुरक्षित केलं आहे. वेळ लिहिताना भारतीय वेळ असल्याचं नमूद करा.

चोराने तुमच्या कार्डावरून खरेदी केली असेल तर आधी कन्सोलच्या कंपनीला कळवा. थेट बँकेकडून पैसे उलटवले तर कंपनी खातंच निलंबित करू शकते आणि विकत घेतलेले सगळे गेम अडकतात.

यूपीआयने पैसे गेले असतील तर मात्र लगेच 1930 ला फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक लागतो. निपाणी-खानापूरकडे अनेकांचं सिम कोल्हापूरचं असतं, तरी राहता ते राज्य म्हणून कर्नाटकच निवडा. प्रत्यक्ष तक्रार सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलीस ठाण्यात द्यायची, अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर काम लवकर हलतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी आणि 66डी यात लागू होतं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द न बघता गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. पोलिसांच्या कागदावर कंपनी आयटम परत देईल ही अपेक्षा ठेवू नका. तो कागद पैशासाठी आहे, चाकूसाठी नाही.