डीएनएचा पीळ आणि तो सोडवणारे हात

दोन पेडांची एक दोरी घ्या. तिचं एक टोक खिळ्याला पक्कं बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून दोन्ही पेड हळूहळू एकमेकांपासून ओढून वेगळे करायला लागा. पहिली वीतभर दोरी सहज उकलते. मग हाताला ताण जाणवतो. उकललेल्या भागातला पीळ नाहीसा झालेला नसतो, तो पुढे सरकून उरलेल्या दोरीत जमा झालेला असतो. आणखी ओढलं की दोरी स्वतःभोवतीच वेटोळी घालते, गाठाळते आणि पेड वेगळे व्हायचे थांबतात. खिळ्याकडचं टोक सोडलं, तर दोरी गरागरा फिरून मोकळी होते. पण ते टोक मुळात नसेलच तर?

ई. कोलाय या जिवाणूपुढे हाच प्रश्न असतो. त्याचा डीएनए म्हणजे बंद कडं आहे, त्याला टोकच नाही. कड्यात सुमारे 46 लाख आधारजोड्या, म्हणजे दोन पेडांवरच्या समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्या, असतात आणि दर साडेदहा जोड्यांमागे दोन्ही पेड एकमेकांभोवती एक पूर्ण फेरा घेतात. म्हणजे जवळपास 4 लाख 40 हजार फेरे. पेशीचं विभाजन व्हायचं तर डीएनएची प्रत निघायला हवी, आणि त्यासाठी यातला प्रत्येक फेरा उलगडायला हवा. एकही शिल्लक राहिला तर दोन्ही पेड एकमेकांत अडकलेलेच राहतील.

वेगाचा हिशोब केला की अडचण किती मोठी आहे ते कळतं. प्रत काढणारी यंत्रणा एका जागेपासून दोन्ही दिशांना निघते आणि प्रत्येक बाजूला सेकंदाला सुमारे 1,000 जोड्या उलगडत जाते. म्हणजे सेकंदाला 95 फेरे, मिनिटाला साडेपाच हजारांहून जास्त. तेवढाच पीळ पुढच्या डीएनएमध्ये ढकलला जातो. पुढे साचलेल्या या पिळाला आपण जादा पीळ म्हणू. तो कुणी काढला नाही, तर वर सांगितलेल्या दोरीसारखी यंत्रणा काही क्षणांत अडकून पडेल. दुहेरी पिळाची रचना 1953 मध्ये मांडली गेली आणि पुढच्याच वर्षी माक्स डेलब्रुक यांनी ही अडचण बोलून दाखवली. पेड कुठेतरी तुटून पुन्हा जुळत असणार, असं त्यांचं अनुमान होतं. त्यांनी सुचवलेला तपशील बरोबर निघाला नाही, पण तोडून जोडण्याची कल्पना खरी ठरली.

तोडून जोडणारी ही प्रथिनं म्हणजे टोपोआयसोमरेज. पहिलं जेम्स वांग यांनी ई. कोलायमध्येच शोधलं, 1971 मध्ये. पुढचा जादा पीळ काढण्याचं मुख्य काम मात्र दुसऱ्या एकाचं आहे. त्याचं नाव जायरेज, आणि ते मार्टिन गेलर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये शोधलं.

जायरेज काय करतं ते जवळून पाहू. ते डीएनएचा सव्वाशेहून थोडा जास्त जोड्यांचा तुकडा स्वतःभोवती गुंडाळून घेतं, आणि गुंडाळण्याची दिशा दर वेळी एकच असते. त्यामुळे त्याच डीएनएचा जवळचा भाग पहिल्या तुकड्यावर आडवा येऊन पडतो. पेशीचं इंधन असलेला एटीपीचा रेणू येऊन बसतो आणि जायरेजचं वरचं दार मिटतं. आता खालच्या तुकड्याचे दोन्ही पेड कापले जातात. कापताना सुटलेली टोकं मोकळी सोडली जात नाहीत. जायरेजमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लाला ती रासायनिक बंधाने जोडलेली राहतात. तोडलेल्या बंधाची ऊर्जा अशी या नव्या बंधात सांभाळून ठेवली जाते, म्हणून पुन्हा जोडायला वेगळं इंधन लागत नाही. मग वरचा तुकडा त्या फटीतून खाली जातो, काप जुळतो आणि खाली गेलेला तुकडा खालच्या दाराने बाहेर पडतो. एका खेपेला दोन फेरे कमी होतात, एक कधीच नाही. सेकंदाला 95 फेरे हटवायचे तर 48 च्या आसपास खेपा हव्यात. एकट्या जायरेजला ते झेपत नाही, अनेक जण एकाच वेळी लागलेले असतात.

हे 'दोन दोन फेऱ्यांचं' कशावरून म्हणायचं? मला या विषयातला सर्वांत सुंदर पुरावा हाच वाटतो, कारण तो डोळ्यांनी दिसतो. 4,361 जोड्यांचं एक छोटं कडं असतं, pBR322 नावाचं. हिशोबाने त्यात 415 फेरे हवेत, पण पेशीतून काढलेल्या कड्यात साधारण 25 कमी असतात. हा उणा पीळ जायरेजनेच राखलेला असतो, आणि त्यामुळे पेड उघडणं सोपं जातं. अगारोजच्या जेलमधून विजेच्या ओढीने अशी कडी सरकवली, की जास्त पिळलेलं, आवळलेलं कडं पुढे धावतं आणि सैल कडं मागे राहतं. एका फेऱ्याच्या फरकानेही पट्टा वेगळा पडतो, शिडीच्या पायऱ्यांसारखा. आता एकाच पायरीवरची कडी वेगळी काढून त्यांना जायरेज दिलं, तर नवे पट्टे एक पायरी सोडून एक असेच उमटतात. मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात.

जनुक वाचून आरएनए बनवतानाही पिळाचा हाच त्रास होतो, फक्त वेगळ्या रीतीने. आरएनए बनवणारं प्रथिन, आरएनए पॉलिमरेज, जिवाणूत सेकंदाला साधारण 50 अक्षरं वाचतं. त्याने डीएनएच्या पिळाबरोबर गोल फिरत जावं, तर मागे आरएनएचं शेपूट आणि त्याला लागलेले, प्रथिनं बनवणारे रायबोसोम यांचं ओझं असतं. त्याला फिरता येत नाही, म्हणून डीएनएलाच फिरावं लागतं. परिणामी पुढे जादा पीळ साचतो आणि मागे उणा. हे चित्र 1987 मध्ये लिऊ आणि वांग यांनी मांडलं. पुढचा पीळ जायरेज काढतं. मागचा उणा पीळ वांग यांना आधी सापडलेलं टोपोआयसोमरेज-एक कमी करतं. ते एकच पेड कापतं आणि एका खेपेला एकच फेरा बदलतं.

ते नसेल तर मागचे पेड इतके सैल होतात, की नवा आरएनए डीएनएलाच चिकटून बसतो आणि काम अडतं. टोपोआयसोमरेज-एकचं जनुक गमावलेल्या ई. कोलायमध्ये बऱ्याचदा जायरेजच्या जनुकातही बदल झालेला सापडतो, आणि तो जायरेजला कमजोर करणारा असतो. एक हात गेला की दुसरा ढिला करूनच पेशीला तोल सांभाळता येतो.

जायरेजच्या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे काप उघडा असण्याचा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक नेमकं तिथेच शिरतं. ते कापलेल्या टोकांजवळ बसतं आणि जायरेजला पुन्हा जोडू देत नाही. म्हणजे औषध जायरेजला नुसतं बंद पाडत नाही, तर डीएनए कापलेल्या अवस्थेत धरून ठेवायला लावतं. प्रत काढणारी यंत्रणा येऊन या अडथळ्याला थडकली की डीएनए खरोखरच तुटतो, आणि असं तुटणं फार झालं की जिवाणू मरतो.

यावर जिवाणूची पळवाट छोटीशीच असते. जायरेजच्या ए या घटकात 83 व्या जागी सेरिन हे अमिनो आम्ल असतं. औषधाला तिथे टेकायला आधार मिळतो तो पाणी आणि मॅग्नेशियमच्या पुलातून, आणि त्या पुलाचं एक टोक या सेरिनला टेकलेलं असतं. सेरिनच्या जागी ल्यूसिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की पूल बसत नाही. जायरेज मात्र पूर्वीसारखंच कापत आणि जोडत राहतं.