गोलातला सर्वांत मोठा आयत

“गोल पत्र्यातून आयत कापताना लांबी जितकी जास्त, तितकं क्षेत्रफळ जास्त.”

तसं होत नाही. त्रिज्या ५ सेंमी घ्या. चारही कोपरे वर्तुळावर टेकले की आयताचा कर्ण म्हणजे व्यास, १० सेंमी. बाजू a आणि b असतील तर पायथागोरसनुसार a² + b² = 100. आता (a − b)² कधीच ऋण नसतो, म्हणून 2ab ≤ a² + b², म्हणजेच ab ≤ 50. बरोबरी फक्त a = b असताना, म्हणजे चौरसात; बाजू सुमारे ७.०७ सेंमी.

लांबी ८ केली तर रुंदी ६ उरते, क्षेत्रफळ ४८. लांबी ९.६ केली तर रुंदी जेमतेम २.८, क्षेत्रफळ २६.८८! आलेख कागदावर वर्तुळ काढून चौकटी मोजा, फरक डोळ्यांनीच दिसतो. कोणत्याही r त्रिज्येसाठी कमाल क्षेत्रफळ 2r².