रेघ, खांब की नुसता तक्ता?

पावसाळा सुरू झाला की पुणेकरांच्या सकाळच्या गप्पांत टीएमसी आणि क्युसेक हे शब्द येतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी आणि क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट. खडकवासला साखळीत टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणे आहेत आणि त्यांची एकूण उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी. समजा, या धरणांचा अहवाल रोज सकाळी संगणकाने आपोआप तयार करून पाठवायचा आहे. त्यात साठा, पाऊस, धरणनिहाय स्थिती आणि विसर्ग असे चार आकडे. कुठला आकडा कसा दाखवायचा?

हाताने आलेख काढणारा माणूस आजचे आकडे बघून ठरवतो. आपोआप निघणाऱ्या अहवालात ही निवड एकदाच होते आणि जूनच्या कोरड्या दिवसापासून ऑगस्टच्या पुरापर्यंत तीच चालते. पाठवण्यापूर्वी तो कुणी बघतही नाही. म्हणून आज काय छान दिसते, याला फारसा अर्थ नाही. तो आकडा मुळात कोणत्या जातीचा आहे आणि सर्वांत वाईट दिवशी आलेख काय सांगेल, हे बघायचे.

एकूण साठ्यापासून सुरुवात करू. साठा ही सतत चालू असलेली स्थिती आहे. काल सकाळी १४ टीएमसी आणि आज १५ टीएमसी असेल, तर मधल्या वेळात तो १४.५ वरून कधीतरी गेलाच असणार. दोन ठिपके रेघेने जोडले की आपण हेच म्हणत असतो, म्हणून इथे रेषालेख शोभतो. सोबत गेल्या वर्षीची फिकट रेघ दिली की वाचकाला हवी ती तुलना मिळते.

पावसाचे तसे नाही. पानशेतला आज ४० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे चोवीस तासांत एवढे पाणी जमले. तो एका कप्प्याचा हिशेब आहे आणि कालच्या व आजच्या आकड्यांच्या मध्ये काहीच नसते. काल ८० आणि आज शून्य असताना रेघ ओढली, तर पाऊस हळूहळू ओसरल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो पहाटेच एकदम थांबलेला असू शकतो. म्हणून रोजच्या पावसाला स्तंभालेख.

वाचक हा फरक नकळत करतोच. जेफ झॅक्स आणि बार्बरा ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना साधे आलेख दाखवून वर्णन करायला सांगितले. खांब दिसले की लोक ‘हा त्याच्यापेक्षा मोठा’ असे म्हणत आणि रेघ दिसली की वाढ-घट सांगत. स्त्री आणि पुरुष यांची उंची रेघेने जोडून दाखवली, तर ‘माणूस जितका अधिक पुरुष, तितका उंच’ अशा धाटणीची वर्णनेही आली! आकार चुकला की अर्थही चुकतो, तो असा.

आता चार धरणांची तुलना. इथे खांब हवेत यात वाद नाही, पण कशाचे खांब? टक्केवारीचे काढण्याचा मोह होतो आणि तिथेच फसगत होते. खडकवासल्याची क्षमता जेमतेम १.९७ टीएमसी, तर वरसगावची १२.८२. समजा, खडकवासला ९० टक्के भरले आहे आणि वरसगाव ५० टक्के. टक्क्यांच्या आलेखात खडकवासल्याचा खांब सर्वांत उंच. पाणी मात्र तिथे १.७७ टीएमसी आणि वरसगावला ६.४१, म्हणजे साडेतीनपटीहून अधिक. म्हणून खांब टीएमसीचे काढावेत, प्रत्येकामागे पूर्ण क्षमतेची पोकळ चौकट ठेवावी आणि टक्के बाजूला अंकांत लिहावेत. खांबाची लांबीच बोलत असल्याने पट्टी शून्यापासून सुरू झालीच पाहिजे. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे क्रम. मोठ्याकडून लहानाकडे अशी मांडणी सॉफ्टवेअर आनंदाने करून देते, पण रोज क्रम बदलला की रोज वाचणारा माणूस चुकीच्या धरणाचा आकडा वाचतो. क्रम कायमचा ठरवून टाकावा.

स्तंभालेखाचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख छापले. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, त्यामुळे रेघ ओढायला जागाच नव्हती. म्हणून त्याने प्रत्येक देशाशी झालेल्या आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. त्याला स्वतःला ही आकृती कमी उपयोगाची वाटत होती, हे विशेष.

राहिला विसर्ग. संध्याकाळी सहाला खडकवासल्यातून ५,००० क्युसेक सोडले आणि नऊला १०,००० केले, अशी कल्पना करा. तिरपी रेघ काढली तर साडेसातला ७,५०० क्युसेक दिसतील, जे कधीच सुटले नव्हते. पायऱ्यांची रेघ काढता येते, पण नदीकाठच्या माणसाला चढ-उतार बघायचा नसतो. त्याला नेमका आकडा आणि वेळ हवी, फोनवर दुसऱ्याला जशीच्या तशी सांगता येईल अशी. इथे तक्ताच: वेळ, क्युसेक, बस्स. अंक उजवीकडे एका रेषेत, एकक शीर्षकात. वाटल्यास एक स्तंभ वाढवून ‘याच गतीने दिवसभरात किती टीएमसी’ हेही द्यावे, कारण ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो. या हिशेबाने सुमारे २२,८०० क्युसेकचा विसर्ग एका दिवसात खडकवासल्याच्या पूर्ण क्षमतेइतके पाणी नेतो. सर्वांत लहान असलेल्या या धरणाच्या विसर्गाकडेच सगळ्यांचे लक्ष का असते, ते यावरून कळते.

खरी परीक्षा होते ती आकडा न आल्यावर. रात्री वीज गेली आणि एका केंद्राची नोंद आलीच नाही, तर तिन्ही आकार वेगवेगळे वागतात. त्या दिवसाची ओळच गायब असेल, तर रेघ आधीचा आणि नंतरचा ठिपका बिनदिक्कत जोडते. वाचकाला पत्ताही लागत नाही. स्तंभालेखात तर आणखी पंचाईत, कारण पाऊस शून्य आणि नोंदच नाही, या दोन्हींचा खांब सारखाच, म्हणजे दिसतच नाही. तिथे ‘नोंद नाही’ असे अक्षरांत छापावे लागते. तक्त्यात रिकामी चौकट किंवा आडवी रेघ आपोआप उठून दिसते. रेघेसाठी पायथनमध्ये एवढे पुरते. इथे s ही रोजच्या साठ्याची pandas मालिका आणि ax हा matplotlib चा आलेख; फक्त मालिकेची अनुक्रमणिका म्हणून नोंदींची तारीख ही तारीख म्हणूनच साठवलेली हवी:

```python
s = s.asfreq("D")
ax.plot(s.index, s)
ax.set_ylim(0, 29.15)
```

पहिली ओळ हुकलेल्या दिवसांच्या रिकाम्या जागा तयार करते, त्यामुळे रेघ तिथे तुटते. शेवटची ओळ पट्टी कायमची बांधते. ती नसेल तर सप्टेंबरमध्ये धरणे काठोकाठ असताना २८.९ वरून २९.० ही किरकोळ वाढ अख्खा आलेख व्यापते आणि कालचा आलेख आजच्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र या साऱ्याला अपवाद करावा लागतो. आलेख १ जूनपासून सुरू होत असेल, तर २ जूनला दोनच ठिपके असतात आणि त्यांतून निघणारी रेघ कसलाही कल सांगत नाही. प्रोग्रॅममध्येच अट घालावी: सातपेक्षा कमी नोंदी असतील तर साठाही तक्त्यात, आठवडा भरला की रेघ. तसेच परतीचा पाऊस ओसरल्यावर महिनोन्महिने रिकामा राहणारा पावसाचा आलेख काढून टाकावा आणि त्या जागी हंगामाच्या एकूण पावसाची एकच ओळ ठेवावी.