घरच्या माणसाची वीस मिनिटांची मुलाखत : परिचय लिहून घेण्यापूर्वी

सत्कार, निवृत्ती किंवा संस्थेची स्मरणिका यासाठी परिचय लिहून घ्यायला आमच्याकडे येणारे बहुतेक जण एक कागद आणतात. त्यावर जन्मतारीख, शिक्षण, पदं आणि पुरस्कार असतात. तेवढ्यावर परिचय लिहून होतो, पण वरचं नाव बदललं तर तो दुसऱ्या कुणालाही चालेल असा होतो. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना आमच्यासमोर बसायला सवड नसते आणि परक्या माणसापुढे ते मोकळेपणानं बोलतही नाहीत. म्हणून मुलाखत तुम्हीच घ्यावी, असं आम्ही सुचवतो. त्यासाठी वीस मिनिटं पुरतात, मात्र ती कशात घालवायची हे आधी ठरवायला हवं.

कागदावरचं कागदावरून घ्या

शिक्षण कुठं झालं, नोकरी कधी लागली, लग्न कधी झालं हे प्रश्न त्या वीस मिनिटांत नकोत. ही माहिती मामी, काकू, ऑफिसातले सहकारी, शाळा सोडल्याचा दाखला, जुनी लग्नपत्रिका, दुकानाच्या उद्‌घाटनाची पत्रिका यांतून आदल्या दिवशीच मिळते. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती खरी आहे का हे घरात विचारून घ्या. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजी सर्रास हीच तारीख लिहीत. छापायची कोणती, हे त्या व्यक्तीनंच सांगायचं. मुलाखतीत तेवढा एक प्रश्न चालेल.

माहितीत एखादी जागा अशी सापडते जिथं आयुष्याला वळण मिळालं : नोकरी सोडली, गाव सोडलं, पहिलं यंत्र घेतलं, पहिली तुकडी शिकवली. अशी एकच जागा निवडा. वीस मिनिटांत सगळं आयुष्य विचारायला गेलात, तर हाती फक्त मथळे लागतात.

एक उदाहरण

समजा, मामांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे आणि साठीच्या सत्काराच्या अंकात त्यांचा परिचय द्यायचा आहे. भाचीनं त्यांना गाठलंय. मशीन चालू असताना शेडमध्ये बसू नका, रेकॉर्डिंगमध्ये घरघरीशिवाय काही राहत नाही. दार लावता येईल अशी केबिन बघा. ‘रेकॉर्ड करू का?’ असं विचारूनच फोन ठेवा, तोही स्टीलच्या टेबलावर उघडा न ठेवता घडी घातलेल्या रुमालावर, म्हणजे टेबलाचे हादरे आवाजात येत नाहीत. फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण बऱ्याच फोनवर कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं आणि ते शेवटी लक्षात येतं. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा, मगच सुरुवात करा.

पहिला प्रश्न सोपा आणि आजचा असू द्या : ‘मामा, आज सकाळी कारखान्यात आल्यावर पहिलं काय केलंत?’ याचं उत्तर परिचयात येईलच असं नाही. पण ‘मुलाखत’ म्हटल्यावर माणूस भाषणाच्या आवाजात बोलू लागतो, तो आवाज या प्रश्नानं उतरतो. यावर दोन मिनिटं घालवा, जास्त नाही.

मग निवडलेल्या जागेवर या. ‘धंदा कसा सुरू केलात?’ असं विचारलं की हमखास उत्तर येतं : ‘लई कष्ट केले, माणसांनी साथ दिली.’ उत्तर खरं आहे, पण लिहायला त्याचा उपयोग नाही. इथं पुढच्या विषयावर जायची घाई करू नका. त्याच उत्तरातला एक शब्द पकडून वस्तूबद्दल विचारा.

‘पहिला लेथ कुठनं आणलात?’

‘जुनाच घेतला. टेम्पोत घालून आणला.’

‘कोण होतं बरोबर?’

‘मी आणि शेजारचा एक पोरगा. दारातनं आतच जाईना! मग चौकट उचकटली. रात्री बारा वाजले. तुझ्या मामीनं तेवढ्या रात्री आमच्यासाठी पिठलं टाकलं.’

इथं भाचीनं गप्प बसायचं. बोलणारा थांबला की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो आणि नेमकी पुढची गोष्ट हुकते. मनात चार आकडे मोजा. मामा स्वतःहूनच म्हणतील, ‘चौकट नीट बसवायला नंतर चार महिने पैसे नव्हते. पोतं लावून ठेवलं होतं.’ परिचयाला हवं ते हेच. कष्ट हा शब्द न वापरता कष्ट दिसतात.

साल आठवत नसेल तर

‘कुठल्या साली?’ या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात आणि मिनिटभर आकडेमोडीत जातं. त्याऐवजी घरातल्या घटनेशी जोडून विचारा : ‘तेव्हा ताई शाळेत जात होती का?’ मामा म्हणाले, ‘बालवाडीत होती.’ ताईचा जन्म १९८६चा, म्हणजे लेथ आला १९९०च्या सुमारास. परिचयात ‘सुमारास’ लिहायला काही हरकत नाही. चुकीचं नेमकं साल छापण्यापेक्षा ते बरं. कोल्हापुरात आणखी एक काळजी घ्या. कुणी ‘महापुराच्या वर्षी’ म्हणालं तर कोणता महापूर हे विचारा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पूर आला होता आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. ‘करोना आधी आला होता की नंतर?’ एवढ्या प्रश्नानं २०२१ वेगळं काढता येतं.

शेवटची पाच मिनिटं

पंधराव्या मिनिटाला घड्याळ बघा. आता माणसांबद्दल विचारा : कुणाकडून शिकलात, कुणाचं नाव यायलाच हवं. नावं पूर्ण आणि शुद्ध लिहून घ्या, आडनावासकट. सत्काराच्या अंकात एखादं नाव राहिलं किंवा चुकलं, तर दुखावलेला माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही. मग विचारा, ‘मी विचारलं नाही असं काही राहिलं का?’ आणि आभार मानले तरी रेकॉर्डिंग लगेच बंद करू नका. उठता उठता माणसं अनेकदा सगळ्यात मोकळं बोलतात. मात्र ते चालू आहे हे त्यांना माहीत असू द्या. वाटण्या, कर्ज, भागीदाराशी झालेलं भांडण असं काही निघालं आणि ‘हे लिहू नकोस’ म्हणाले, तर ते आमच्यापर्यंतसुद्धा पोहोचवू नका.

आमच्याकडे काय द्यायचं

‘लिहू नकोस’ म्हटलेला भाग तेवढा काढून बाकीचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं द्या, सारांश काढू नका. ‘मामांनी खडतर परिस्थितीतून उद्योग उभारला’ असं तुम्ही लिहून आणलंत, तर चौकट आणि पोतं आमच्यापर्यंत येतच नाहीत. वीस मिनिटांचं बोलणं कागदावर उतरवायला तासाहून जास्त लागतो, ते काम आमचं. त्यातून साधारण अडीचशे शब्दांचा परिचय होतो. त्याची सुरुवात अशी असू शकते : ‘१९९०च्या सुमारास आणलेला पहिला लेथ दारातून आत जाईना, म्हणून त्यांनी चौकटच काढली. ती पुन्हा बसवायला पुढचे चार महिने पैसे नव्हते.’ जन्म, शिक्षण, पदं त्याच्या मागे, थोडक्यात.

मसुदा मामांना दाखवताना ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. त्यावर ‘छान आहे’ किंवा ‘माझं एवढं कशाला’ यापलीकडे काही हाती लागत नाही. नावं, सालं, पदं बरोबर आहेत का आणि एखादी गोष्ट छापायला नको आहे का, एवढंच विचारा. फोनवर वाचून दाखवलंत तरी चालेल. दुरुस्त्या त्याच कागदावर पेनानं करून द्या, म्हणजे अंक छपाईला जाण्याआधी आम्हाला त्या एकदा तपासून घेता येतील.