पुरवण्या वाढल्या म्हणून गुण वाढतात का?

“जितक्या पुरवण्या जास्त, तितके गुण जास्त, हे खरे आहे का?” – ठाण्यातील दहावीची एक विद्यार्थिनी

हे खरे नाही. दहावीच्या विज्ञानाच्या प्रत्येक भागाला 40 गुणांसाठी दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे मिळतात. ‘सोडिअम केरोसीनमध्ये ठेवतात’ याचे शास्त्रीय कारण दोन गुणांना विचारले असेल, तर सोडिअम अतिशय क्रियाशील असून हवेतील ऑक्सिजन व बाष्पाशी अभिक्रिया होऊन ते पेट घेऊ शकते, केरोसीनशी मात्र त्याची अभिक्रिया होत नाही आणि त्यात बुडून राहिल्याने हवेशी संपर्क येत नाही, एवढे लिहिणे पुरेसे असते. त्यापुढे सोडिअमचे उपयोग लिहून पान भरल्यास गुण वाढत नाहीत. पाच गुणांच्या प्रश्नाची मिनिटे मात्र खर्च होतात, आणि तेथील आकृतीला नावे द्यायची राहिली, तर हातचे गुण जातात.